रकमेतली ‘रु.’ काढताना

व्यापाऱ्यांकडून आलेली भावपत्रकं शीटमध्ये चिकटवली, की एका रकान्यात असा मजकूर दिसतो: `Rs.1,850/50 किलो`. माणसाला हा भाव एका नजरेत कळतो. शीटच्या लेखी मात्र ही नुसती अक्षरं आहेत. त्यांची बेरीज होत नाही.

सहज सुचणारा उपाय म्हणजे आकडे सोडून बाकी सगळं पुसून टाकायचं. तसं केलं की हाती येतं `185050`. भाव आणि पोत्याचं वजन एकमेकांना चिकटले आणि पन्नास किलोंचा भाव पावणेदोन लाखांच्या वर गेला. शीट तक्रार करत नाही, कारण तिच्या दृष्टीने हा धडधाकट आकडा आहे. पैशांसाठी दशांशचिन्ह राखून ठेवलं, तर ‘Rs.’ मधला टिंबही मागे राहतो आणि रकमेच्या पुढ्यात येऊन बसतो: `.185050`. आता लाखाचा भाव रुपयाच्याही आत!

म्हणून नको ते पुसण्यापेक्षा हवं ते शोधावं. रक्कम कशी दिसते? आधी एक अंक, मग अंक किंवा स्वल्पविराम, आणि असलाच तर टिंब व त्यापुढे पैसे. गुगल शीट्समध्ये हे वर्णन असं लिहितात:

```
=VALUE(SUBSTITUTE(REGEXEXTRACT(A2,
"[0-9][0-9,]*(?:\.[0-9]+)?"),",",""))
```

सुरुवात अंकानेच व्हावी अशी अट असल्याने ‘Rs.’चा टिंब बाहेर राहतो. तिरक्या रेघेपाशी शोध थांबतो, म्हणून ५० मध्ये घुसत नाही. `1,850` हाती लागतं, `SUBSTITUTE` स्वल्पविराम काढतो आणि `VALUE` त्या मजकुराची संख्या करतो. स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने दिलेला असो वा मिलियनच्या, फरक पडत नाही. जर्मनीतल्या बिलावर मात्र पडतो; तिथे `1.850,50` असं लिहितात, टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी.

हे सूत्र पहिली सापडलेली संख्या उचलतं, हीच त्याची मेख. कुणी `50 किलो Rs.1,850` असं उलटं लिहिलं, तर भाव ५० रुपये! अशा वेळी शोध चलनाच्या खुणेला बांधावा लागतो:

```
(?:Rs\.?|रु\.?|₹)\s*([0-9][0-9,]*(?:\.[0-9]+)?)
```

इथे साध्या कंसातला भागच उत्तर म्हणून परत येतो. पण `₹1.25 लाख` मधून हेही 1.25 एवढंच काढेल. ‘लाख’ वेगळा ओळखून गुणाकार करावा लागतो. एककही फेकू नये, शेजारच्या रकान्यात ठेवावं. ५० किलोंना १,८५० म्हणजे किलोला ३७ रुपये. एकक हरवलं, तर क्विंटलच्या भावाशी तुलना करणार कशी?

मूळ मजकुराचा रकाना तसाच ठेवून उत्तरं चढत्या क्रमाने लावली, की गडबड दोन्ही टोकांना दिसते. भाव `१,८५०` असा देवनागरीत असेल, तर मात्र सूत्र सरळ `#N/A` दाखवतं, कारण `[0-9]` मध्ये ते अंक बसत नाहीत. तिथे `[0-9०-९]` लिहून अंक सापडतात खरे, पण संख्या करण्याआधी ते एकेक करून बदलावे लागतात.