तापलेल्या अंगावर गार पाणी

मध्यरात्री दोन वर्षांचे मूल तापाने फणफणते, थर्मामीटर १०३ दाखवतो आणि घरात धावपळ सुरू होते. कोणी फ्रिजमधली पाण्याची बाटली काढते, कोणी जुन्या धोतराच्या घड्या करते. अंग पुसायला घेतले की थोड्याच वेळात मूल काकडू लागते, रडून घर डोक्यावर घेते. तरी पुसणे थांबत नाही, कारण कपाळ हाताला गार लागू लागलेले असते. फसगत होते ती इथेच. गार झालेली असते ती फक्त कातडी.

संसर्ग झाला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन वाढते आणि तो भाग शरीराचे तापमान मुद्दामच वरच्या पातळीवर ठरवतो. गिझरचा काटा वर फिरवून ठेवायचा आणि टाकीवर बाहेरून गार पाणी ओतायचे, असा हा प्रकार. काटा खाली येत नाही. उलट गिझर जास्त वेळ चालतो. गार पाणी लागताच कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायची वाट अरुंद होते. मग हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करण्यासाठी केलेली मेहनतच. आधीच मलूल झालेल्या मुलाची शक्ती त्यात खर्च होते आणि पुसणे थांबवले की ताप पुन्हा होता तिथे येतो.

कोमट पाण्याने इतका त्रास होत नाही, पण फायदाही बेताचाच. पॅरासिटामॉलच्या जोडीला अंग पुसले, तर ताप सुरुवातीला थोडा लवकर उतरतो. दोनेक तासांनी फारसा फरक उरत नाही, रडारड मात्र जास्त होते. म्हणून ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना ताप उतरवण्यासाठी अंग पुसायचा सल्ला देत नाहीत. ताप फारच चढला, तर औषध दिल्यानंतर कोमट पाण्याने पुसा, असे काही बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हाही मूल कुडकुडू लागले की थांबायचे.

काटा खाली आणते ते औषध. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारणपणे दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम. वजन १२ किलो असेल तर १८० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीवरून. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप साडेसात मिलिलिटर द्यावे लागते; २५० मिलिग्रॅमवाले असेल तर सुमारे साडेतीन. दुसऱ्या बाटलीतले साडेसात मिलिलिटर दिले, तर डोस दुपटीच्या वर जातो. म्हणून लेबल वाचावे आणि घरातला चमचा न वापरता मापाच्या सिरिंजने द्यावे. दोन डोसांत किमान चार ते सहा तास जावेत. दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नकोत. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. आणि १०१ ताप असूनही मूल खेळत असेल, तर औषधाची घाई नाही, कारण औषध द्यायचे ते अस्वस्थता कमी करण्यासाठी. तापात येणारे झटके त्याने टळतात, असे दिसलेले नाही.

बाकी काय करायचे, ते मुलाचे हातपायच सांगतात. तळवे गार आणि डोके गरम असेल, तर ताप अजून चढतो आहे; मुलाला थंडी वाजते, त्याला पातळ चादर द्यावी. तळवे गरम झाले आणि घाम सुटला की चादर काढावी, एकच सैल सुती कपडा ठेवावा, पंखा हळू सोडावा. ‘घाम येऊ दे’ म्हणत दोन गोधड्यांत गुंडाळणे हीदेखील चूकच. पाणी, पेज, वरणाचे पाणी घोटाघोटाने देत राहावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजावे. लघवी होते आहे ना, हे पाहावे. जेवणासाठी मागे लागू नये.

स्पिरिट किंवा कोलन वॉटरच्या पट्ट्या तर नकोतच. त्यातले अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून आत जाते, आणि लहान मुलाच्या रक्तातली साखर त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

उष्माघाताची गोष्ट वेगळी. उन्हात किंवा बंद गाडीत राहून मूल तापले, तर मेंदूने काटा वर नेलेला नसतो. तिथे गार पाण्याने ताबडतोब अंग भिजवायचे आणि रुग्णालय गाठायचे.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. वय काहीही असो, ताप उतरल्यावरही मूल मरगळलेले राहिले, नीट जागे होईना, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा झटका आला, तर घड्या बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठावा.