लहानपणीचं पुरळ आणि पेनिसिलीनचा शिक्का

शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना भरायच्या फॉर्मवर ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ असा एक रकाना असतो. त्यात बरेच जण सवयीने ‘पेनिसिलीन’ लिहून मोकळे होतात. नेमकं काय झालं होतं, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: लहानपणी औषध चालू असताना अंगावर पुरळ उठलं होतं, आई सांगते, आपल्याला काही आठवत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साधारण दहातल्या एका माणसाच्या नोंदीत हा शिक्का आहे. अशा लोकांची रीतसर तपासणी केली, तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना पेनिसिलीन व्यवस्थित चालतं.

मग ते पुरळ आलं कशामुळे? बहुतेकदा आजारामुळेच. ताप, सर्दी, कान दुखणं, घसा सुजणं यांसाठी मुलांना ॲमॉक्सिसिलीनचं सिरप दिलं जातं. यातले कित्येक आजार विषाणूंमुळे झालेले असतात आणि विषाणूंमुळे अंगावर पुरळ येणं मुलांमध्ये अगदी नेहमीचं आहे. औषध सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी छाती-पोटावर लालसर सपाट ठिपके दिसले की दोष औषधावर जातो, कारण औषध डोळ्यांसमोर असतं आणि विषाणू दिसत नाही. कधीकधी दोन्ही मिळूनही पुरळ उठवतात. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापात ॲम्पिसिलीन दिलं की अंगभर पुरळ येतं, हे डॉक्टरांना १९६०च्या दशकापासून ठाऊक आहे. तो ताप ओसरल्यावर पुढे तेच औषध त्याच माणसाला बहुधा बिनदिक्कत चालतं.

ही शंका तपासून पाहायचा सरळ मार्ग म्हणजे तेच औषध देखरेखीखाली पुन्हा देणं. मॉन्ट्रियलच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते केलं. ॲमॉक्सिसिलीनमुळे पुरळ आल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना त्यांनी तेच औषध तोंडावाटे दिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९४ टक्के मुलांना काहीही झालं नाही. सुमारे २ टक्के मुलांना लगेच आणि आणखी जवळपास ४ टक्के मुलांना काही काळाने प्रतिक्रिया आली, तीही सौम्य. हे निष्कर्ष मुलांचे आहेत. तीस-चाळीस वर्षांनी काय होतं, याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तिथे काळ रुग्णाच्या बाजूने असतो. ज्यांना खरोखर तात्काळ प्रकारची ॲलर्जी होती, त्यांच्यातही पेनिसिलीनविरुद्धची संवेदनशीलता हळूहळू ओसरते. औषध पुन्हा शरीरात गेलं नाही, तर दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ती निघून जाते.

शिक्का आयुष्यभर राहू दिला तर बिघडतं काय, हा प्रश्न रास्त आहे. पेनिसिलीन टाळलं की डॉक्टर दुसरं प्रतिजैविक देतात आणि ते बऱ्याचदा जास्त जिवाणूंवर चालणारं, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचीही कत्तल करणारं असतं. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शिक्का असलेल्यांना नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचा संसर्ग ६९ टक्क्यांनी आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्ग २६ टक्क्यांनी जास्त झाल्याचं दिसलं. शिवाय काही आजारांत पेनिसिलीनला खरा पर्याय नाही. गर्भवतीला सिफिलिस असेल तर बाळाला वाचवण्यासाठी पेनिसिलीनच लागतं. ऱ्हुमॅटिक फिव्हरनंतर हृदयाच्या झडपा जपण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही बेंझाथिन पेनिसिलीनचंच असतं. आपल्याकडे हा आजार अजून हटलेला नाही, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

शिक्का पुसताना पहिलं साधन असतं ते नीट विचारलेले प्रश्न. मेलबर्नमधल्या डॉक्टरांच्या गटाने २०२० साली ६२२ रुग्णांच्या माहितीवरून ‘पेन-फास्ट’ नावाची गुणपद्धत तयार केली. त्यात तीनच गोष्टी विचारतात. प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांत आली असेल तर दोन गुण. चेहरा, ओठ किंवा घसा सुजला असेल, श्वास अडकून रक्तदाब कोसळला असेल किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया झाली असेल तर आणखी दोन. प्रतिक्रियेवर उपचार करावे लागले असतील, किंवा ते नक्की सांगता येत नसेल, तर एक. बेरीज शून्य आली तर तपासणीत खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. एक किंवा दोन आली तर साधारण ५ टक्के, तीन आली तर २० टक्के, आणि चार-पाच आली तर सुमारे निम्मी.

एक नमुना घेऊ. ४२ वर्षांची शिक्षिका आहे, पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. पाचव्या वर्षी कान दुखत होता म्हणून सिरप सुरू केलं आणि पाचव्या दिवशी पोटावर ठिपके आले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर आईला फोन लावायला सांगतात आणि चौकशी करतात. ठिपके सपाट होते की गांधी उठल्या होत्या? गांधी, म्हणजे पित्त उठल्यासारख्या उंच, खाजऱ्या, तासाभरात जागा बदलणाऱ्या. तोंडात, डोळ्यांत फोड आले होते का? कातडी सुटली होती का? दवाखान्यात ठेवावं लागलं का? आई म्हणते, सपाट होते, दोन-तीन दिवसांत गेले, डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं. काही लावायला किंवा प्यायला दिलं होतं का, ते तिला आठवत नाही. घटना ३७ वर्षांपूर्वीची, म्हणजे पहिला प्रश्न शून्य. सूज, श्वास, गंभीर त्वचारोग यांपैकी काही नाही, दुसराही शून्य. उपचाराचं नक्की नाही, म्हणून एक गुण. एकूण एक. ही बाई कमी जोखमीच्या गटात आली.

अशा रुग्णाला आधी त्वचेची चाचणी करायची की थेट औषध द्यायचं, याचा निकाल ‘पॅलेस’ नावाच्या प्रयोगाने लावला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतल्या सहा केंद्रांत कमी जोखमीच्या ३८२ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाची आधी त्वचाचाचणी करून मग औषध दिलं, दुसऱ्याला थेट पेनिसिलीन तोंडावाटे दिलं. दोन्ही गटांत औषध दिल्यावर फक्त एकेका व्यक्तीला ॲलर्जीची प्रतिक्रिया आली. पुढच्या पाच दिवसांत थेट औषध दिलेल्या गटात ९ आणि दुसऱ्या गटात १० जणांना पुरळासारखे त्रास झाले, गंभीर काहीही झालं नाही. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं आणि कमी जोखमीच्या लोकांसाठी त्वचाचाचणी ही बहुधा अनावश्यक पायरी आहे, असं म्हणण्याला आधार मिळाला.

प्रत्यक्षात त्या शिक्षिकेला काही दिवस आधीपासून ॲलर्जीच्या गोळ्या बंद करायला सांगतात, कारण त्या प्रतिक्रिया झाकून टाकतात. ताप किंवा दम्याचा त्रास चालू असेल तर दिवस पुढे ढकलतात. नाडी, रक्तदाब, श्वास मोजून तोंडाने ॲमॉक्सिसिलीन दिलं जातं, २५० किंवा ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरांना सावध राहायचं असेल तर आधी दहावा हिस्सा देऊन, थोडं थांबून बाकीचं देतात. मग किमान एक तास तिला तिथेच बसवून ठेवतात. खाज, गांधी, आवाज बसणं, उलटी, चक्कर यांतलं काही दिसतं का, याकडे नर्सचं लक्ष असतं आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी असतं. गरज पडलीच तर ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात. तासाभरात काही झालं नाही, तर तात्काळ ॲलर्जीचा प्रश्न संपतो. पुढचे काही दिवस पुरळ आलं तर फोटो काढून कळवायचं, एवढंच बाकी राहतं.

आपल्याकडच्या एका रूढ प्रथेबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवं. कित्येक दवाखान्यांत पेनिसिलीनचं इंजेक्शन देण्याआधी हातावर थोडं औषध टोचून ‘टेस्ट डोस’ घेतला जातो. खऱ्या त्वचाचाचणीत औषधाची ठरावीक तीव्रता, सोबत तुलनेसाठी हिस्टॅमिन आणि मिठाचं पाणी, आधी टोच आणि मग त्वचेच्या आत इंजेक्शन, पंधरा-वीस मिनिटांनी गांधीचं मोजमाप, अशी शिस्त असते. घाईत घेतलेल्या टेस्ट डोसमध्ये औषधाच्या चुरचुरण्यानेही फुगवटा येतो आणि माणसाच्या माथी नवा शिक्का बसतो. उलट काहीच दिसलं नाही, तरी त्यावर विसंबता येत नाही. शिवाय उशिरा येणाऱ्या पुरळाबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यामुळे टेस्ट डोसच्या जोरावर शिक्का लावूही नये आणि पुसूही नये.

काही लोकांच्या बाबतीत तोंडाने औषध देऊन पाहण्याची चाचणी करायचीच नाही. औषधाने कातडी सोलून निघाली होती, तोंड-डोळे-जननेंद्रियांवर फोड आले होते, आठवड्यांनंतर ताप, गाठी आणि यकृताला इजा झाली होती, रक्तपेशी फुटल्या होत्या किंवा मूत्रपिंड बिघडलं होतं, अशांना औषध पुन्हा देणं जिवावर बेतू शकतं. त्यांचा शिक्का खरा आहे, तो तसाच राहायला हवा. अलीकडे खरीच मोठी तात्काळ प्रतिक्रिया आली असेल, तर निर्णय ॲलर्जीतज्ज्ञाचाच, आणि तिथे त्वचाचाचणीला अजूनही मोठी जागा आहे.

चाचणीत औषध चालल्यावरही काम पुरतं संपत नाही. एका रुग्णालयाने नोंद काढली, तरी दुसऱ्या दवाखान्याच्या फाइलमध्ये ती उरते आणि घरचे पुन्हा तेच सांगतात. म्हणून चाचणी कुठे, कधी, कोणत्या औषधाने झाली आणि निकाल काय आला, याचं लेखी पत्र मागून घ्यावं आणि त्याची प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी. ज्यांच्या घरात असा शिक्का आहे, त्यांनी आई-वडील सांगू शकतात तोवर त्या जुन्या पुरळाचं वर्णन लिहून ठेवावं आणि ॲलर्जीची सोय असलेल्या डॉक्टरांना दाखवावं. कपाटात उरलेली कॅप्सूल घरच्या घरी घेऊन पाहण्याचा प्रयोग मात्र कुणीही करू नये.