नगरपालिकेची वेस ओलांडल्यावर

पाळीच्या एका वाचकाने गेल्या आठवड्यात आम्हांस एक प्रश्न विचारला. गावालगतच्या जमिनीचे भाव वाढू लागले आहेत, दलालांच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. उद्या हा भाग एखाद्या शहरी प्राधिकरणाखाली गेला तर आमच्या पंचायतीच्या हाती काय उरेल, असा तो प्रश्न होता. आज पाळी-कोठंबीला पंचायत आहे आणि जमिनीचा वापर राज्याच्या प्रादेशिक आराखड्याने ठरतो. अशा प्राधिकरणाचे खरे रूप पाहावयाचे तर मुंबईकडे वळणे भाग आहे.

मुंबई महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या आत संपते. मुंबईकर मात्र त्यापलीकडे डोंबिवली, विरार, पनवेल, बदलापूर येथे राहतो आणि रोज सकाळी गाडीने मुंबईत येतो. शहराची पालिका या माणसाला पाणी देत नाही आणि त्याच्या गावाच्या पालिकेला लोहमार्ग कोठून न्यावा हे ठरविता येत नाही. ही अडचण ओळखून महाराष्ट्र सरकारने १९६५ साली प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या विचारातून १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि पुढे मुंबई प्रदेशाचे नियोजन मंडळ निघाले. मंडळाचा आराखडा १९७३ साली मंजूर झाला. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे ही त्यातली मुख्य सूचना; त्या कामासाठी सिडकोची स्थापना १९७०मध्येच झाली होती. आराखडे करणारे मंडळ अंमलबजावणी करू शकत नाही हे ध्यानी आल्यावर १९७४च्या कायद्याने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण निर्माण झाले आणि १९७५पासून ते काम करू लागले.

या प्रदेशाचा पसारा पूर्वी सुमारे ४,३५५ चौरस किलोमीटर होता. पुढे वाढवून तो ६,३२८वर नेण्यात आला. आमचे सबंध गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरांचे आहे, हे येथे सांगितले म्हणजे वाचकांना अंदाज येईल. त्यात मुंबईचे दोन जिल्हे संपूर्ण, शिवाय ठाणे, पालघर व रायगड यांचे भाग येतात. नऊ महानगरपालिका, अनेक नगरपरिषदा आणि हजारांहून अधिक गावे त्यात आहेत.

पण प्राधिकरण म्हणजे या सर्वांवरची थोरली नगरपालिका नव्हे, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रादेशिक आराखडा रस्त्यांची व रेल्वेची मोठी दिशा, कोठे शहर वाढावे, कोठे शेती व वने राहावीत एवढेच ठरवितो. प्रत्येक पालिकेने त्याच्याशी सुसंगत असा स्वतःचा विकास आराखडा करावयाचा, आणि बांधकामाचा परवाना तीच देणार. घरपट्टी, कचरा, गटारे ही पालिकेची किंवा पंचायतीची. प्राधिकरणाला घरपट्टी मिळत नसल्याने त्याचा मोठा पैसा जमिनीतून येतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील भूखंड भाडेपट्ट्याने देऊन त्याने मोठी कामे उभारली. ज्याचे उत्पन्न जमिनीच्या भावावर अवलंबून, त्याने जमीन मोकळी ठेवण्याचाही निर्णय घ्यावयाचा, हा पेच मुळातच आहे.

खरी गडबड होते ती पालिकेच्या वेशीबाहेरच्या गावांत. कल्याण-डोंबिवलीजवळच्या सत्तावीस गावांची कथा पाळीकरांनी मुद्दाम ऐकावी. नांदिवली, भोपर, सागाव, निळजे, हेदुटणे ही त्यांतली काही. १९८३मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात घेतली गेली. करवाढीच्या आणि जमिनीवर आरक्षणे पडण्याच्या भीतीने ग्रामस्थांनी विरोध चालू ठेवला आणि २००२ साली ती बाहेर काढण्यात आली. गावांत पुन्हा ग्रामपंचायती आल्या. परंतु शहर थांबले नाही. डोंबिवलीच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील जमीन अशी सोडून दिल्यावर इमारती उठणारच. २००६मध्ये सरकारने या गावांसाठी प्राधिकरणालाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. यापुढे नकाशा मंजूर करणार प्राधिकरण, कचरा उचलणार ग्रामपंचायत, अशी विभागणी झाली. तिच्या फटीतून बेकायदा चाळी व इमारती वाढत गेल्या. परवाना देणारी संस्था दूर, आणि जवळच्या पंचायतीकडे रोखण्याचे बळही नाही व इच्छाही नाही. अखेर प्राधिकरणाचा या गावांचा विकास आराखडा २०१५च्या मार्चमध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी १ जूनला गावे पुन्हा महापालिकेत टाकली गेली. पाच वर्षांनी, २०२०च्या जूनमध्ये, त्यांतली अठरा वेगळी काढण्याची अधिसूचना निघाली; ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केली. सदतीस वर्षांत चार वेळा मालक बदलला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी गावकऱ्यांना सांगितले गेले की विकास होणार आहे.

या गोष्टीत प्राधिकरणाचा दोष थोडा आणि रचनेचा अधिक आहे, असे आमचे मत आहे. नियोजनाचा हक्क आणि सेवा देण्याची जबाबदारी जेथे दोन वेगळ्या हातांत पडते तेथे ही फट निर्माण होतेच. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने यावर एक तोड सुचविली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी व तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य पालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतून निवडावेत. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला, पण वजन प्राधिकरणाचेच राहिले.

आता आमच्याकडे पाहू. आमचा नगर व ग्राम नियोजन कायदाही १९७४चाच. त्याखाली सबंध राज्याचा एक प्रादेशिक आराखडा असतो. २००६चा आराखडा लोकांच्या उठावामुळे २००७मध्ये रद्द करावा लागला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. याच कायद्यात दुसरे दारही आहे. कलम १८ अन्वये सरकारने एखादा भाग नियोजन क्षेत्र जाहीर केला की तेथे नियोजन व विकास प्राधिकरण बसते आणि प्रादेशिक आराखड्याऐवजी त्याचा बाह्यविकास आराखडा लागू होतो. बृहन् पणजी प्राधिकरणात सांताक्रूझ व सांत आंद्रे मतदारसंघांतील गावे घालण्यात आली तेव्हा २०१८मध्ये लोक रस्त्यावर आले आणि सरकारला गावे वगळावी लागली. पेडण्यात मोपा विमानतळासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदाही २०१८ साली झाला. दोन्हींकडे प्रश्न तोच होता: नकाशा कोणाचा आणि पाणी-कचरा कोणाचा?

म्हणून पाळीच्या वाचकास आमचे उत्तर असे. गावात फलक लागण्याच्या किंवा नकाशा छापून येण्याच्या आधी सर्व काही ठरते ते नियोजन क्षेत्राच्या अधिसूचनेत. राजपत्रात ती कधी येते यावर पंचायतीने डोळा ठेवावा, आणि तीत आपल्या गावाचे सर्व्हे नंबर असतील तर ग्रामसभेने पहिला प्रश्न घनतेविषयी वा रस्त्याविषयी न विचारता असा विचारावा की त्या क्षेत्रातील बांधकामांना पाणी कोण देणार, त्यांचे सांडपाणी कोणत्या ओहोळात जाणार आणि बेकायदा भिंत उठली तर ती पाडण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघणार.