३० मीटरचा नियम पाळूनही ऑफिसची इमारत धोक्याची कशी ठरते?

२१ जून २०१२. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, बघता बघता वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचा जीव गेला. मंत्रालय म्हणजे काही गगनचुंबी टॉवर नाही. पण मधल्या उंचीच्या ऑफिसातही आग खालच्या मजल्यावर लागली की धूर वर चढतो, आणि वरच्या माणसाला जायचं असतं खाली. म्हणून जिना कुठे आहे, यावर सगळं येऊन थांबतं.

समजा, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत पाच मजली ऑफिस बांधायचं आहे. प्रत्येक मजला ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद. म्हणजे ६०० चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता ऑफिसात साधारण १० चौरस मीटरला एक माणूस धरते, म्हणजे मजल्यावर ६० जण. एवढ्या मजल्याला दोन जिने लागतात आणि ऑफिसात जिन्याची रुंदी किमान दीड मीटर हवी. ६० माणसांना ती भरपूर झाली. खरी गोची पुढे आहे.

बिल्डरला सोयीचं काय? लिफ्ट आणि दोन्ही जिने मधोमध, एकमेकांना खेटून. कोपऱ्यातला माणूस लांबीत २० आणि रुंदीत साडेसात मीटर चालला की जिन्यापाशी पोचतो. एकूण साडेसत्तावीस. पक्क्या आरसीसी ऑफिसला मर्यादा ३० मीटरची, म्हणजे कागदावर पास! पण आग लिफ्टजवळच्या वायरिंगला लागली तर? एकाच धुरात दोन्ही जिने गेले. नावाला दोन, कामाला एकही नाही.

म्हणून संहितेची दुसरी अट आहे. स्प्रिंकलर नसतील तर दोन वाटांमध्ये मजल्याच्या कर्णाच्या निम्मं तरी अंतर हवं. इथे कर्ण जवळपास ४३ मीटर, म्हणजे जिने किमान साडेएकवीस मीटर लांब. ते इमारतीच्या दोन टोकांना नेले, तर गंमत बघा: मधल्या माणसाला चालायचं अंतर तेवढंच, साडेसत्तावीसच्या आसपास राहतं. फरक एवढाच की एका बाजूला धूर असला तर तो दुसरीकडे वळू शकतो.

आणि हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं, टेबलं आणि पार्टिशनला वळसा घालून चालावं लागतं तसं मोजायचं. पुढे कुणी भाडेकरू मध्ये केबिन टाकतो, पाच मीटरचा वळसा वाढतो आणि साडेसत्तावीसचे साडेबत्तीस होतात. नकाशा पास झालेला असतो, मजला नापास झालेला असतो.

जिन्याच्या दाराचंही तसंच. ते आग अडवणारं आणि आपोआप बंद होणारं असावं लागतं, नाहीतर जिनाच धुराची चिमणी बनतो. चहावाल्याच्या सोयीसाठी त्या दाराला वीट लावून ठेवलेली दिसली, तर त्या मजल्यावर तो जिना नाही असंच धरा.