धनत्रयोदशीला संगणक २०१२ सालात गेला

कारंजा लाडमधल्या एका भांड्यांच्या दुकानातली ही गोष्ट. धनत्रयोदशीची गर्दी सांभाळता यावी म्हणून मालकांनी दुपारी बिलाचा संगणक आतल्या टेबलावरून पुढच्या काउंटरवर हलवला. चालू करताच काळ्या पडद्यावर CMOS Date/Time Not Set अशी ओळ आली. नोकराने F1 दाबून ती घालवली. संध्याकाळी पहिलं बिल करायला गेले, तर सॉफ्टवेअर अडून बसलं. पुन्हा चालू करून पाहिलं, फरक नाही. गिऱ्हाइकं खोळंबली, बिलं हाताने लिहायला घेतली आणि मालकांनी मावसभावाला बोलावलं.

त्याने सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. पडद्याचा उजवा कोपरा दाखवून म्हणाला, "दादा, याले काही नाही झालं. तारीख पाह्य बरं!" तिथे १ जानेवारी २०१२ होतं. शेवटचं बिल आदल्या रात्रीचं. त्याच्या आधीच्या तारखेचं बिल सॉफ्टवेअर घेत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. घेतलं असतं, तर दिवाळीची विक्री भलत्याच वर्षात गेली असती.

संगणक बंद असतानाही त्याच्या मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ चालू असतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. प्लग लावून बटण चालू असेल, तर या घड्याळाला भिंतीतली वीज पुरते. प्लग काढला की भार पडतो रुपयाच्या नाण्याएवढ्या, ३ व्होल्टच्या CR2032 सेलवर. त्यात साधारण २२० मिलिअँपियर-तास वीज मावते. घड्याळाने ५ मायक्रोअँपियर घेतले, तर हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. इथला सेल कधीच संपला होता. पण जुन्या टेबलावर प्लग कायम लावलेला, मागे इन्व्हर्टर, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. जागा बदलताना प्लग निघाला आणि घड्याळ थांबलं.

इंटरनेटवरून वेळ आपोआप का सुधारली नाही? विंडोजमध्ये सहसा अशी मर्यादा असते, की फरक पंधरा तासांपेक्षा जास्त दिसला तर ते स्वतःहून वेळ बदलत नाही.

भावाने मोबाइलमध्ये पाहून तारीख, वेळ आणि सालही हाताने बदललं आणि बजावलं, "आता प्लग काढू नका." बिलं सुरू झाली. रात्री दुकान मिटल्यावर वीज बंद करून त्याने सेल काढला. मल्टिमीटरवर तो दोन व्होल्टही दाखवेना. घड्याळवाल्याकडून आणलेला नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवला, तारीख पुन्हा लावली. हाताने लिहिलेली बिलं त्याच रात्री क्रमाने चढवली.

तुमच्या दुकानात हे आधीच तपासता येतं. सणाच्या आठवडाभर आधी, रात्री संगणक नीट बंद करून प्लग काढून ठेवा. सकाळी चालू केल्यावर पहिलं बिल करण्याआधी तारीख पाहा. ती मागे गेली असेल, तर सेल बदला.