सागरापलीकडील मुलाखत : आपली पदवी आणि आपला अनुभव कसा सांगावा?

आम्ही उभयता बी.ए.एम.एस. आहोत. पुण्यात काही वर्षे व्यवसाय केल्यानंतर कौटुंबिक कारणास्तव आम्हांस कॅनडातील ओंटारियो प्रांतात स्थायिक व्हावे लागले. तेथे आयुर्वेदाच्या पदवीवर रुग्णचिकित्सेचा परवाना मिळत नाही, हे आम्ही जाण्यापूर्वीच जाणून होतो. म्हणून आमच्यापैकी सौभाग्यवतींनी रुग्णालयातील संशोधन विभागात 'क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर' या पदासाठी अर्ज करण्याचे ठरविले. सन २०२३ मध्ये त्यांनी अशा पदासाठी दोन मुलाखती दिल्या. पहिलीत अपयश आले, दुसरीत निवड झाली. दोन्ही वेळी पदवी तीच होती आणि अनुभवही तोच. बदलली ती केवळ सांगण्याची रीत. अनेक तरुण वैद्य परदेशी जाण्यापूर्वी आमच्याकडे याविषयी विचारणा करतात. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिल्या मुलाखतीत "आपली ओळख करून द्या" असे म्हणताच सौभाग्यवतींनी उत्तर दिले : "मी बी.ए.एम.एस. डॉक्टर आहे. तीन वर्षे रेसिडेंट मेडिकल ऑफिसर होते, नंतर चार वर्षे स्वतःची ओ.पी.डी. चालविली." यातील एकही शब्द असत्य नव्हता. तथापि ऐकणाऱ्यांपर्यंत जे पोहोचले ते मात्र वेगळेच होते. कॅनडात 'रेसिडेंट' म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर विशेष शाखेचे प्रशिक्षण घेणारा चिकित्सक. पुण्यातील खासगी रुग्णालयात रात्रपाळी सांभाळणाऱ्या आर.एम.ओ.चे पद तेथे कोणास ठाऊक नाही. 'ओ.पी.डी.' हा शब्दही तेथे सहसा वापरात नाही. मंडळाने विचारले, "म्हणजे आपण येथे चिकित्सक होण्याच्या वाटेवर आहात काय?" सौभाग्यवती गोंधळल्या. मग आयुर्वेद म्हणजे काय, याचे विवरण करण्यात दहा मिनिटे गेली आणि ज्या पदासाठी बोलावणे होते त्या कामाविषयी बोलण्यास अवधीच उरला नाही. मंडळाच्या मनात दोन शंका राहिल्या असाव्यात : ही व्यक्ती संधी मिळताच नोकरी सोडून जाईल, किंवा ती स्वतःविषयी वाढवून सांगत आहे.

'डॉक्टर' या शब्दाचा प्रश्न

येथे एक कायदेशीर बाब प्रथम ध्यानी घ्यावी. ओंटारियोत १९९१ चा नियंत्रित आरोग्य व्यवसायांविषयीचा कायदा आहे. त्याच्या ३३ व्या कलमानुसार आरोग्यसेवा देताना किंवा देऊ करताना 'डॉक्टर' ही उपाधी ठराविक व्यवसायांच्या नोंदणीकृत सदस्यांनाच लावता येते. आयुर्वेद त्या यादीत नाही. मुलाखत म्हणजे काही रुग्णसेवा नव्हे, हे खरे. परंतु रुग्णालयातील मंडळी या शब्दाविषयी अतिशय सावध असतात. "मी डॉक्टर आहे" असे वर्तमानकाळात म्हणताच त्यांचे कान टवकारतात.

हा शब्द सोडणे आम्हांस सोपे गेले नाही. ज्या नावाने पुण्यातील रुग्ण सात वर्षे हाक मारीत, ते नाव दाराबाहेर काढून ठेवल्यासारखे वाटले. शेवटी आम्ही एक निर्णय केला : जे घडले ते भूतकाळात, देशाच्या नावासह आणि संपूर्ण सांगावयाचे, जे आज नाही तेही आपणहून सांगावयाचे. दुसऱ्या मुलाखतीसाठी पुढील वाक्ये तयार झाली :

"मी भारतात आयुर्वेद वैद्यकाची पदवी घेतली. बारावीनंतरचा हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यांतील अखेरचे एक वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे असते. आयुर्वेदाबरोबर शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिविज्ञान हे विषय त्यात असतात. भारतात मी नोंदणीकृत वैद्य म्हणून रुग्ण तपासले. ओंटारियोत ही पदवी मला चिकित्सेचा परवाना देत नाही, आणि या पदासाठी मी तो मागतही नाही."

हे सर्व सांगण्यास एक मिनिटही लागत नाही. शेवटच्या वाक्याने मंडळाची पहिली शंका न विचारताच फिटते. पदवीचे पूर्ण नाव उच्चारताना त्यातील 'सर्जरी' या शब्दाने नवा घोटाळा होतो, म्हणून ते नाव केवळ अर्जावर असू द्यावे. विचारल्यास शल्यतंत्र हा आठ अंगांपैकी एक विषय आहे, एवढे सांगणे पुरेसे होते.

पदवीच्या समकक्षतेविषयी आमचा नियम असा की मूल्यमापन संस्थेच्या अहवालात जे शब्द छापलेले असतील तेच उच्चारावेत. त्याहून एक पायरी वर नाही आणि खालीही नाही. हा अहवाल शिक्षणाची पातळी सांगतो, व्यवसायाचा अधिकार देत नाही, हा भेदही स्पष्ट असावा. गुणांची टक्केवारी विचारली गेल्यास नुसता आकडा सांगू नये. ओंटारियोतील विद्यापीठांत 'अ' श्रेणी साधारणतः ८० टक्क्यांपासून सुरू होते. आपले ६२ टक्के तेथे दुर्बळ भासतात. "उत्तीर्ण होण्यास ५० टक्के लागतात, मला ६२ मिळाले" असे म्हटल्यास आकड्यास संदर्भ लाभतो.

अनुभवाचे रूपांतर

आता मुख्य भाग. संशोधन समन्वयकाचे काम कोणते? सहभागी रुग्णास सर्व माहिती देऊन संमती घेणे, ठरलेल्या आराखड्यानुसार त्याच्या भेटी घडविणे, प्रत्येक निरीक्षण त्याच वेळी लिहून ठेवणे, आणि काही अनिष्ट घडल्यास ते विलंब न लावता कळविणे. जाहिरातीतील ही चार कामे आम्ही एका कागदावर डावीकडे लिहिली आणि उजवीकडे विचारले, "आपण हे कधी केले आहे?"

उत्तर पंचकर्माच्या केसपेपरमध्ये सापडले. वमनापूर्वीचे स्नेहपान आठवावे. रुग्णाचे बल आणि अग्नी पाहून पहिली मात्रा ठरते, ती रोज वाढते, तीन ते सात दिवसांत सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसतात. रोज स्नेह पचल्याची वेळ लिहिली जाते. लक्षणे दिसली की थांबावयाचे, अजीर्ण झाले तरी थांबावयाचे. वमनाच्या दिवशी वेग मोजावयाचे : प्रवर शुद्धीस आठ, मध्यम सहा, अवर चार. त्यावरून संसर्जन क्रमाचे दिवस ठरतात.

मंडळासमोर यांतील एकही संस्कृत संज्ञा न वापरता सौभाग्यवतींनी हे असे मांडले : "माझ्या चिकित्सालयात अनेक दिवस चालणारा एक उपचार होता. त्यात औषधी तुपाची मात्रा रोज वाढवावी लागे. कोणत्या चिन्हांवर पुढे जावे आणि कोणत्या चिन्हांवर थांबावे, हे आधीच लिहून ठेवलेले असे. एका रुग्णास तिसऱ्या दिवशी मळमळ व ओकारी सुरू झाली. तो बाहेरगावाहून आलेला होता आणि 'राहिलेले उरकून टाका' म्हणत होता. मी उपचार थांबविला, कारण व वेळ नोंदविली, दोन दिवस निरीक्षण केले आणि सुधारित मात्रेची नव्याने संमती घेऊन महिन्याभराने पुन्हा आरंभ केला."

तेथील मुलाखतींत "अशी एखादी वेळ सांगा, जेव्हा…" या धाटणीचे प्रश्न फार असतात. उत्तरात प्रसंग, आपली जबाबदारी, आपण केलेली कृती आणि परिणाम हे चार भाग त्याच क्रमाने अपेक्षित असतात. आपणांस "आम्ही असे करीत असू" अशी विनयाची सवय असते. ती येथे घात करते, कारण ऐकणारा विचारतो, यांत तुम्ही नेमके काय केले? लेखात 'आम्ही' शोभते. मुलाखतीत 'मी' म्हणावे लागते.

याच उत्तराची एक मर्यादा सौभाग्यवतींनी स्वतः सांगितली : "हे संशोधन नव्हते, रुग्णसेवा होती. तेथे नैतिक समितीची मान्यता किंवा प्रायोजकास कळविण्याची पद्धत नव्हती." आमच्या मते मंडळाचा विश्वास येथेच बसला. मर्यादा भरून काढण्यासाठी त्यांनी संशोधनातील नीतिनियमांविषयीचा 'टी.सी.पी.एस. २' हा कॅनडाचा निःशुल्क पाठ्यक्रम आणि 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चे प्रशिक्षण आधीच पूर्ण केले होते. दोन्ही प्रमाणपत्रे सोबत होती.

"येथील अनुभव आहे काय?"

हा प्रश्न दोन्ही मुलाखतींत आला. ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच अशी अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरविली होती. १ जानेवारी २०२६ पासून तर २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर जाहिरातीत कॅनडातील अनुभवाची अट घालण्यास कायद्यानेच मनाई आहे. मात्र कायद्याचा दाखला देऊन मुलाखत जिंकता येत नाही. प्रश्नामागची चिंता ही की, ही व्यक्ती येथील रीतीरिवाजांत किती दिवसांत रुळेल? म्हणून उत्तर त्या चिंतेस द्यावे. सौभाग्यवती म्हणाल्या, "येथील रुग्णालयात मी नोकरी केलेली नाही. नीतिनियमांचा पाठ्यक्रम पूर्ण केला आहे. तुमची संगणकीय नोंदप्रणाली मला शिकावी लागेल. संमती घेणे आणि नोंद ठेवणे शिकावे लागणार नाही."

संदर्भ देणाऱ्यांची तयारी

एका गोष्टीत आम्ही थोडक्यात वाचलो. मुलाखतीनंतर रुग्णालय पूर्वीच्या वरिष्ठांशी बोलते. पुण्यातील वरिष्ठांना दूरध्वनी आला असता आणि ते सहज "ती आमच्याकडे रेसिडेंट होती" म्हणाले असते, तर सर्व स्पष्टीकरण फुकट गेले असते. म्हणून आम्ही त्यांना आदल्या आठवड्यात पत्र लिहून कळविले : पदाचे नाव अनुभवपत्रात आहे तेच सांगावे, परंतु लगेच त्याचा अर्थ सांगावा, की रात्रपाळीत दाखल रुग्णांवर देखरेख ठेवणे आणि गरज पडताच वरिष्ठ तज्ज्ञांस बोलाविणे हे तिचे काम होते. टोरोंटो आणि पुणे यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. तेव्हा सोयीची वेळ आणि संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ताही आधीच देऊन ठेवावा.

तीन आठवड्यांनी एक वर्षाच्या कराराचे पत्र आले. त्यावर सौभाग्यवतींच्या नावाआधी कोणतीही उपाधी नव्हती. पुण्याहून आणलेली केसपेपरची एक कोरी प्रत मात्र आजही आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे. परदेशी मुलाखतीची तयारी करणाऱ्या वैद्यांनी प्रथम आपला तसाच एक जुना केसपेपर काढावा आणि त्यातील प्रत्येक रकाना आपण का भरत होतो, हे वैद्यकाचा गंध नसलेल्या शेजाऱ्यास सांगून पाहावे.