लेडी गागाचं ट्वीट आणि पाच मिनिटांचा उशीर

२०१२ साली लेडी गागाचे ट्विटरवर ३ कोटी १० लाख फॉलोअर होते. तिने फोनवर दोन ओळी लिहून बटण दाबलं, की त्या ओळी शेवटच्या चाहत्याच्या फीडमध्ये उतरायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. ट्विटरने स्वतःसमोर उद्दिष्ट ठेवलं होतं पाच सेकंदांचं. त्या वेळी तिथे अभियांत्रिकीची धुरा सांभाळणाऱ्या रफी क्रिकोरियन यांनी ही अडचण एका परिषदेत उघडपणे मांडली, म्हणून आज तिचा तपशील आपल्याला ठाऊक आहे.

पाच मिनिटं उशीर झाला तर बिघडलं काय, असं वाटेल. पण ज्याला ट्वीट पहिल्या सेकंदाला मिळालं, तो लगेच उत्तर लिहितो. ते उत्तर, दोघांनाही फॉलो करणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या फीडमध्ये झटकन पोचतं, कारण उत्तर देणाऱ्याचे फॉलोअर मोजकेच. मूळ ट्वीट मात्र अजून वाटेतच. म्हणजे तिसऱ्या माणसाला आधी उत्तर दिसतं आणि प्रश्न मागाहून येतो. संभाषणाचा क्रमच उलटा झाला, तर लोक ते वाचणार कसं?

हा उशीर कुठून आला, ते कळायला फीड कसं तयार होतं ते पाहावं लागेल. लग्नाचं आमंत्रण देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत यजमान घरोघर जाऊन पत्रिका देतो. पाहुण्याला काहीच करावं लागत नाही. दुसरीत यजमान चावडीवर फलक लावतो आणि ज्याला हवं तो येऊन वाचतो. फीडमध्येही तसंच. ट्वीट लिहिताक्षणी प्रत्येक फॉलोअरच्या यादीत त्याची नोंद टाकायची, याला ‘फॅन-आउट ऑन राइट’ म्हणतात. वाचणाऱ्याने अ‍ॅप उघडल्यावर तो ज्यांना फॉलो करतो त्या सगळ्यांची ताजी ट्वीट शोधून जुळवायची, ते ‘फॅन-आउट ऑन रीड’. कष्ट दोन्हीकडे आहेत. ते लिहिताना करायचे की वाचताना, एवढाच सवाल.

ट्विटरने सुरुवात वाचताना जुळवण्याने केली होती. वापर वाढला तशी ती रीत झेपेनाशी झाली. २०१२च्या सुमारास दिवसाला सुमारे ४० कोटी ट्वीट लिहिली जात, म्हणजे सेकंदाला साधारण ४,६००. आणि फीड उघडण्याच्या मागण्या? सेकंदाला ३ लाख. लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. समजा, एक वाचक २०० जणांना फॉलो करतो. प्रत्येक वेळी त्या २०० जणांची ट्वीट शोधायची म्हटली, तर सेकंदाला ६ कोटी शोध होतात. उलट, एका खात्याचे सरासरी ७५ फॉलोअर धरले, तर ४,६०० ट्वीटसाठी सेकंदाला सुमारे ३ लाख ४५ हजार नोंदी पुरतात. हिशेब इतका एकतर्फी होता, की घरोघर पत्रिका वाटणंच परवडत होतं.

त्यासाठी केलेली व्यवस्थाही नेटकी होती. प्रत्येक वापरकर्त्याची एक यादी ‘रेडिस’ नावाच्या प्रणालीत, सर्व्हरच्या मेमरीत ठेवलेली. यादीत जास्तीत जास्त ८०० नोंदी. नोंदीत ट्वीटचा मजकूर नसायचा, फक्त ट्वीटचा क्रमांक, लिहिणाऱ्याचा क्रमांक आणि काही खुणा. सगळं मिळून २० बाइट. म्हणजे पूर्ण यादी जेमतेम १६ हजार बाइटची. मजकूर दाखवताना क्रमांकावरून आणला जायचा. त्यामुळे कोणी ट्वीट पुसलं, तर कोट्यवधी याद्यांत जाऊन खाडाखोड करावी लागत नसे. क्रमांकाला मजकूर सापडला नाही की ते वगळायचं. यंत्र बंद पडलं तरी यादी हातची जाऊ नये म्हणून प्रत्येक यादीच्या तीन प्रती असत. महिनाभर न फिरकलेल्यांच्या याद्या मेमरीत ठेवतच नसत.

आता याच व्यवस्थेत लेडी गागाचं ट्वीट टाकून पाहा. सगळे फॉलोअर सक्रिय धरले, तर ३ कोटी १० लाख याद्या आणि प्रत्येकीच्या तीन प्रती मिळून ९ कोटी ३० लाख नोंदी, तेही एका ट्वीटसाठी. पाच सेकंदांत फक्त एकेक प्रत लिहायची म्हटली तरी सेकंदाला ६२ लाख नोंदी होतात. साऱ्या जगाच्या नेहमीच्या ट्वीटना मिळून लागत होत्या साडेतीन लाखांच्या आत. एका बाईच्या दोन ओळींसाठी अठरापट भार! ७५ ही सरासरी खरी होती, पण त्या सरासरीत गागा, जस्टिन बीबर आणि बराक ओबामा दिसत नव्हते.

तेव्हा ट्विटरने दोन्ही रीती एकत्र करायला घेतल्या. सामान्य खात्यांची ट्वीट पूर्वीसारखीच घरोघर वाटायची. मोठ्या खात्यांची मात्र वाटायचीच नाहीत. ती त्यांच्या स्वतःच्या यादीत राहतील. वाचकाने फीड उघडलं, की आधी त्याची तयार यादी घ्यायची, मग तो ज्या चार मोठ्या खात्यांना फॉलो करतो त्यांच्या ताज्या नोंदी आणायच्या आणि सगळ्या एकत्र लावायच्या. एकाऐवजी पाच याद्या वाचायच्या. दोनशेपेक्षा पाच केव्हाही बरे. लावणंही सोपं होतं, कारण २०१०पासून ट्विटरच्या क्रमांकांतच वेळ गुंफलेली होती. मोठा क्रमांक म्हणजे नंतरचं ट्वीट. उलट्या संभाषणाचा प्रश्नही इथे सुटतो, कारण मूळ ट्वीट वाटेत अडकायला वाटच उरत नाही.

या तोडग्याचीही किंमत आहे. गागाची यादी आता कोट्यवधी लोक एकाच ठिकाणी वाचायला येणार. ती एकाच यंत्रावर असली, तर बाकीची यंत्रं निवांत आणि ते एक मात्र धापा टाकतंय, असं चित्र दिसतं. एकूण भार बेताचा असूनही काहींची फीड रेंगाळली, की अभियंत्यांना नेमकी हीच शंका येते. उपाय म्हणजे अशा मोजक्या याद्यांच्या भरपूर प्रती ठेवणं. पाचशे तारे फॉलो करणारा हौशी चाहता मात्र या रीतीत महागच पडतो.

‘मोठं खातं’ कोणतं, हे ठरवण्यात खरं कौशल्य आहे. नुसते फॉलोअर मोजून भागत नाही. ३ कोटी फॉलोअर असलेला कलावंत दिवसाला एकदा लिहितो, म्हणजे ३ कोटी नोंदी. ५ लाख फॉलोअर असलेलं एखादं बातम्यांचं खातं दिवसाला २०० ट्वीट टाकतं, म्हणजे १० कोटी. दिवसभराचा भार बातम्यांच्या खात्याचा जास्त, पण उशीर कलावंताच्या ट्वीटला जास्त. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि दोन्ही मोजूनच सीमा आखायला हवी.

फेसबुकला ही गाठ जरा सैल पडली. तिथे मैत्री दोन्ही बाजूंनी असते आणि मित्रांवर ५,०००ची मर्यादा आहे. शिवाय कोणती पोस्ट वर दाखवायची हे दर वेळी नव्याने ठरत असल्याने फेसबुकने फीड वाचतानाच जुळवण्यावर भर दिला.

पुढे ट्विटरही त्याच वाटेला लागलं. फीड काळाच्या क्रमाने न लागता आवडीच्या अंदाजाने लागू लागलं, तेव्हा आधीपासून तयार ठेवलेल्या यादीचं महत्त्व कमी झालं. ३१ मार्च २०२३ रोजी कंपनीने आपल्या शिफारस-प्रणालीचा बराचसा कोड खुला केला. ‘फॉर यू’ फीडसाठी फॉलो केलेल्यांची ट्वीट आता शोध-निर्देशांकातून वाचतानाच आणली जातात आणि बारा वर्षं जुन्या फॅन-आउट सेवेकडे मागणं थांबवलं आहे, असं त्याच दिवशी तिने जाहीर केलं.